षट्कोनी स्फटिकात d जुळत नसेल तर: काय तपासायचे आणि कोणत्या क्रमाने

झिंक ऑक्साइडच्या पावडरीचा एक्सआरडी काढलेला असतो, पीक स्वच्छ असतात, एकक कोशाच्या बाजू a आणि c हातात असतात. तरी प्रतलांमधले अंतर d जुळत नाही: सूत्रातून एक येते आणि पीकवरून दुसरेच. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला बसलेली मुले ही तक्रार घेऊन दर सत्रात येतात, आणि बहुतेक वेळा नमुना निर्दोष असतो. घोळ प्रतलाच्या निर्देशांकांत किंवा सूत्रातल्या एखाद्या पदात असतो. तो कुठे आहे हे चुकलेल्या आकड्यावरूनच ओळखता येते, म्हणून आधी लक्षणे पाहू.

संपूर्ण लेखात झिंक ऑक्साइडच घेतो: a = 3.250 Å, c = 5.207 Å. एक्स-किरण तांब्याच्या नळीचे, तरंगलांबी 1.5406 Å. पहिले तीन ठळक पीक 2θ = 31.77°, 34.42° आणि 36.25° ला येतात. ते अनुक्रमे (100), (002) आणि (101) या प्रतलांचे आहेत.

## लक्षणे

- पीकवरून काढलेले d ऋण येते, किंवा अपेक्षेच्या जवळपास निम्मे येते.
- (002) चे d बरोबर, पण (100) चे 2.81 ऐवजी 3.25 येते.
- (100) आणि (002) दोन्ही बरोबर, पण (110) चे 1.625 ऐवजी 1.99 येते.
- चार आकडी निर्देशांक वापरल्यावर (100) चेच d 1.99 येते, (002) मात्र बरोबर.
- कॅल्क्युलेटर Math ERROR दाखवतो.
- (001) चे d काढता येते, पण त्या कोनाला पीकच नाही.
- सगळे पीक एकाच बाजूला थोडेथोडे सरकलेले आहेत.

शेवटचे लक्षण वेगळ्या जातीचे आहे, त्याकडे शेवटी येऊ. बाकी सगळे कागद-पेन्सिलीने सुटते.

## पहिली तपासणी: कोन आणि कॅल्क्युलेटर

याला मिनिटभर लागतो, म्हणून आधी हेच. ब्रॅगच्या नियमात θ लागतो, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर असतो 2θ. 31.77 चा अर्धा 15.885. त्याचा साइन 0.2737, आणि

```
d = 1.5406 / (2 × 0.2737) = 2.814 Å
```

अर्धे करायचे विसरले तर साइन 0.5265 येतो आणि d होते 1.463. हा आकडा दिसला की पुढे काही शोधू नका, चूक इथेच आहे. आणि d ऋण आले, या पीकसाठी सुमारे −4.37, तर कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल कोन रेडियनमध्ये वाचत आहे. दोन प्रतलांमधले अंतर ऋण असूच शकत नाही, त्यामुळे ही चूक निदान लपत तरी नाही. काही कोनांना मात्र रेडियनमध्येही साइन धन येतो आणि चुकीचा आकडा खरा वाटतो, म्हणून चिन्हावर विसंबू नका. एक्सेलमध्ये सूत्र असे लिहा, A2 मध्ये 2θ:

```
=1.5406/(2*SIN(RADIANS(A2/2)))
```

## दुसरी तपासणी: सूत्र षट्कोनी आहे का

(002) बरोबर आणि (100) चुकीचे, हे सर्वांत जास्त दिसणारे लक्षण. त्याचे कारण नीट समजले तर निम्मा विषय समजला, म्हणून इथे थोडे थांबू.

क्यूबिकची सवय असलेला विद्यार्थी म्हणतो, (100) म्हणजे a अक्षाला एक एक a वर छेदणारी प्रतले, मग त्यांच्यातले अंतर a. क्यूबिकमध्ये हे खरे आहे, कारण तिथे a अक्ष त्या प्रतलांना लंब असतो. षट्कोनी स्फटिकात तसे नसते. कोनमापक घेऊन कागदावर a₁ आणि a₂ हे दोन अक्ष काढा, मधला कोन 120°. c अक्ष कागदातून सरळ वर येतो असे समजा. (100) प्रतले a₂ ला आणि c ला समांतर असतात, म्हणजे कागदावर ती a₂ ला समांतर रेषांसारखी दिसतील. एक रेषा आरंभबिंदूतून जाऊ द्या, दुसरी a₁ च्या टोकातून. आता त्या दोन रेषांमधले लंब अंतर पट्टीने मोजा. a₁ तिरका आहे, त्यामुळे लंब अंतर a पेक्षा कमी भरते:

```
d(100) = a × sin 120° = 0.866 a = 0.866 × 3.250 = 2.815 Å
```

पीकवरून 2.814 आले होते. म्हणून तुमच्या उत्तराला खऱ्या उत्तराने भागल्यावर 1.155 येत असेल, तर अक्षांचा तिरकेपणा हिशेबात आलेला नाही. (002) वर याचा परिणाम होत नाही, कारण c अक्ष तळाला लंबच आहे. तिथे d म्हणजे सरळ c/2, 2.6035.

हाच तिरकेपणा कोणत्याही h, k, l साठी मांडला की पूर्ण सूत्र मिळते:

```
1/d² = (4/3) × (h² + hk + k²)/a² + l²/c²
```

4/3 हा अंक sin² 120° म्हणजे 3/4 च्या उलट्यातून येतो. मधले hk हे पद दोन अक्ष एकमेकांना लंब नसल्यामुळे येते. आता तिसरे लक्षण आपोआप उलगडते. hk गाळले तरी (100) मध्ये काही बिघडत नाही, कारण तिथे k शून्य आहे. (002) मध्येही नाही. चूक (110) येईपर्यंत लपून राहते. तिथे 1+1+1 = 3 ऐवजी 2 घेतले जाते आणि d 1.625 ऐवजी 1.990 येते. कोनात बघितले तर पीक 56.6° ऐवजी 45.5° ला शोधले जाते, आणि तिथे काहीच नसते. म्हणून सूत्र फक्त (100) वर तपासून कधीही मोकळे होऊ नका. (110) वर तपासा. तिथे d बरोबर a/2 यायला हवे, हे पाठच ठेवा.

एक बारकावा: काही आकृत्यांमध्ये दोन अक्षांमधला कोन 60° दाखवलेला असतो. ती निवड चुकीची नाही, पण तिथे सूत्रातले चिन्ह बदलते आणि h² − hk + k² होते. आकृती एका ठिकाणची आणि सूत्र दुसऱ्या ठिकाणचे घेतले की (110) चे d (100) इतके येते. प्रमाणित पद्धत 120° ची आहे, पीकच्या तक्त्यातले निर्देशांकही त्याच पद्धतीचे असतात. तीच धरून चला.

## तिसरी तपासणी: चौथा आकडा

(10-10), (11-20) असे चार आकडे दिसले की नवशिक्यांचा गोंधळ होतो. छापील मजकुरात ऋण आकड्यावर आडवी रेघ असते आणि ती ‘वन बार’, ‘टू बार’ अशी वाचतात. इथे मी वजाचे चिन्ह लिहितो. चार आकड्यांचा क्रम h, k, i, l आहे आणि i स्वतंत्र नाही:

```
i = −(h + k)
```

मग तो लिहायचाच कशाला? तळात 120° वर एकसारखे तीन अक्ष आहेत, a₁, a₂ आणि a₃. त्यातले दोनच घेतले की सममिती आकड्यांत दिसत नाही. (100), (010) आणि (1 -1 0) ही तिन्ही प्रतले स्फटिकाच्या दृष्टीने एकच आहेत, षट्कोनी खांबाच्या शेजारच्या तीन भिंती. पण तीन आकड्यांत (1 -1 0) त्या कुटुंबातले वाटत नाही, उलट (110) चे भावंड वाटते. चार आकड्यांत लिहून बघा: (1 0 -1 0), (0 1 -1 0), (1 -1 0 0). पहिल्या तीन जागांवर तेच 1, 0 आणि −1, फक्त जागा बदललेल्या. आणि (110) होते (1 1 -2 0), म्हणजे स्पष्टपणे वेगळे कुटुंब. ब्राव्हेच्या नावाने ओळखली जाणारी ही चार आकडी पद्धत याच सोयीसाठी वापरतात.

d काढताना i ला सूत्रात जागा नाही. तो वगळून h, k, l घ्या. इथे दोन चुका होतात. एक, i सोडून भलताच आकडा सोडला जातो. (1 0 -1 0) मधला शेवटचा शून्य जातो आणि (1 0 -1) उरते, ज्याचे d (101) इतके, 2.476. दुसरी चूक म्हणजे h² + hk + k² च्या जागी h² + k² + i² घालणे. ही बेरीज नेहमी बरोबर दुप्पट असते, त्यामुळे l शून्य असलेल्या प्रत्येक प्रतलाचे d 1.414 पट लहान येते. (100) साठी 2.815 भागिले 1.414, म्हणजे 1.99. चौथे लक्षण ते हेच.

आणि एक कडक सूचना. i वगळण्याची ही सवलत फक्त प्रतलांना आहे. चौकोनी कंसातल्या दिशांना ती लागू नाही. a₁ अक्षाची दिशा तीन आकड्यांत [100] आहे, चार आकड्यांत मात्र [2 -1 -1 0] होते. तिसरा आकडा काढून टाकला तर [2 -1 0] उरते आणि ती दुसरीच दिशा आहे. d च्या हिशेबात दिशा लागत नाहीत, म्हणून इथे गोल कंस आणि चौकोनी कंस मिसळू नयेत एवढेच सांभाळा.

## चौथी तपासणी: निर्देशांक छेदांवरून बरोबर काढले का

सूत्र बरोबर आहे, i सांभाळला आहे, तरी आकडा चुकतो आहे. मग दिलेल्या आकृतीवरून निर्देशांकच चुकीचे काढले असतील. एक उदाहरण पूर्ण करू.

समजा एक प्रतल a₁ ला 1a वर, a₂ ला 1a वर आणि c अक्षाला c/2 वर छेदते. छेद एककांत लिहा: 1, 1, 1/2. प्रत्येकाचा व्यस्त घ्या: 1, 1, 2. म्हणून (112), आणि i = −2 धरून (1 1 -2 2). बरेच जण 1, 1, 1/2 लाच दोनाने गुणून (221) लिहितात. व्यस्त घ्यायचा राहिला की असे होते. c अक्षावर आरंभबिंदूच्या जितक्या जवळ छेद, तितका l मोठा, एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक लगेच पकडता येते.

i बरोबर आहे का हे आकृतीतच तपासता येते, आणि मी मुलांना ते हाताने करायला लावतो. a₁ आणि a₂ ची टोके सरळ रेषेने जोडा. आरंभबिंदूतून a₃ अक्ष उलट्या बाजूला, म्हणजे ऋण बाजूला वाढवा. तो त्या रेषेला बरोबर मध्यावर छेदतो, आणि पट्टीने मोजले तर आरंभबिंदूपासून ते अंतर a/2 भरते. म्हणजे a₃ वरचा छेद −1/2, त्याचा व्यस्त −2. सूत्राने आलेला i तोच. आकृतीत हे जुळले नाही तर 120° चा कोन नीट काढलेला नाही.

आता (112) चे d. 4/(3a²) हा भाग एकदाच काढून ठेवा, 0.12623. तसाच 1/c², 0.03688. मग

```
1/d² = 3 × 0.12623 + 4 × 0.03688 = 0.37869 + 0.14752 = 0.52621
d = 1.3785 Å
```

ब्रॅगच्या नियमाने हे 2θ = 67.95° च्या आसपास येते, आणि झिंक ऑक्साइडचा (112) पीक तिथेच दिसतो.

Math ERROR हे लक्षणही याच टप्प्यावरचे आहे. k = −1 असताना कॅल्क्युलेटरवर कंसाशिवाय −1² दाबले तर तो 1 चा वर्ग करून मग वजा लावतो आणि −1 धरतो. (1 -1 0) साठी 1 − 1 + 1 = 1 यायला हवे, तिथे 1 − 1 − 1 = −1 येते, आणि ऋण संख्येचे वर्गमूळ तो काढत नाही. (−1)² असा कंस घाला. एक्सेलमध्ये h, k, l वेगवेगळ्या घरांत ठेवले की हा प्रश्न येत नाही:

```
=1/SQRT(4/3*(B2^2+B2*C2+C2^2)/3.25^2+D2^2/5.207^2)
```

## पाचवी तपासणी: पीक असायलाच हवा का

(001) चे d 5.207 येते, म्हणजे पीक 17.0° ला हवा, आणि तिथे सपाट रेष दिसते. इथे विद्यार्थी पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरुवात करतात. गरज नाही, गणित बरोबर आहे. d चे सूत्र प्रतल कुठे आहे एवढेच सांगते. तिथून परावर्तन मिळेल की नाही हे एकक कोशातल्या अणूंच्या जागांवर ठरते. झिंक ऑक्साइडमध्ये c/2 उंचीवर अणूंचा तसाच दुसरा थर असतो. (001) साठी त्या थराकडून येणारी लहर पहिल्याच्या बरोबर विरुद्ध कलेत असते आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. (002) साठी त्या एकाच कलेत येतात, म्हणून तो पीक ठळक.

पडताळणीचा नियम सोपा आहे: h + 2k ला तीनाने भाग जात असेल आणि l विषम असेल, तर पीक मिळणार नाही. (001) मध्ये h + 2k शून्य, शून्याला तीनाने भाग जातो, l विषम, म्हणून गायब. (111) मध्ये 3, तोही गायब. (101) मध्ये 1, म्हणून तो दिसतो, आणि पावडरीत तर सर्वांत उंच असतो. हाच नियम मॅग्नेशियम, झिंक, टायटॅनियम अशा दाट षट्कोनी रचनेच्या धातूंनाही लागतो. प्रत्येक षट्कोनी पदार्थाला मात्र लावू नका, अणूंच्या जागा बदलल्या की नियम बदलतो.

## सहावी तपासणी: उलट दिशेने जाऊन बघा

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर a आणि c बाहेरून न घेता तुमच्याच पीकवरून काढा. (100) चे d 2.8143 आहे, त्याला 1.1547 ने गुणले की a = 3.250. (002) चे d 2.6035, दुप्पट केले की c = 5.207. c/a आला 1.602. गोळ्यांच्या आदर्श दाट रचनेचे हे गुणोत्तर 1.633 असते, झिंक ऑक्साइडचे त्याहून थोडे कमीच येते, त्यामुळे इथे घाबरू नका. आता खरी परीक्षा: हे a आणि c घालून (101) चे d काढा.

```
1/d² = 0.12623 + 0.03688 = 0.16311,  d = 2.476 Å
```

36.25° च्या पीकवरून थेट काढलेले d सुद्धा 2.476 येते. (101) हिशेबात वापरलेला नव्हता, तरी तो जुळला, म्हणजे निर्देशांक बरोबर बसले आहेत. जुळला नसता तर (100) आणि (002) ची नावे तुम्ही एकमेकांना दिली असण्याची शक्यता मोठी. हे दोन पीक तीन अंशांच्या आत शेजारी असल्याने ही अदलाबदल सहज होते.

## इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

सगळे पीक एकाच बाजूला सरकले असतील तर कागदावर काही सापडणार नाही. पावडर होल्डरच्या काठापेक्षा खाली बसली की पीक कमी कोनाकडे सरकतात. 150 मिमी त्रिज्येच्या यंत्रात 0.1 मिमीचा खड्डासुद्धा पीक सुमारे 0.07° ने हलवतो. पावडर काचेच्या पट्टीने सपाट करून पुन्हा स्कॅन मागा. तरीही सरकत असेल तर यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सिलिकॉनच्या प्रमाण नमुन्याचा स्कॅन घ्यायला सांगा. शून्य कोनाची जुळवणी विद्यार्थ्याने स्वतः करायची नसते. a आणि c थोडे खालीवर करून आकडे जमवणे तर त्याहून वाईट, कारण ती चूक मग प्रबंधात कायमची बसते.

काचेवर चढवलेल्या फिल्मचा स्कॅन असेल आणि त्यात एकटा (002) दिसत असेल, तर त्यातून c मिळेल, a मिळणार नाही. (002) च्या सूत्रात a येतच नाही. बाकी पीक नसल्याचा अर्थ स्फटिकांचे c अक्ष पृष्ठभागाला लंब उभे आहेत असा असतो. a हवा असेल तर तिरप्या प्रतलांची मोजणी लागते, आणि ती पातळ फिल्मवर नियमित काम करणाऱ्याकडूनच करून घ्यावी.

तिसरी जागा म्हणजे क्वार्ट्झ, कॅल्साइट, ॲल्युमिना यांसारखे पदार्थ. त्यांचे निर्देशांक षट्कोनी अक्षांवर लिहिलेले असतात आणि d चे वरचे सूत्र तिथेही चालते. पण सममिती तिहेरी असते, गायब पीकचे नियम वेगळे असतात, आणि कॅल्साइट-ॲल्युमिनासाठी काही जण वेगळेच, समभुज अक्ष वापरतात. तुमच्या यादीतले निर्देशांक कोणत्या अक्षांवरचे आहेत हे कळत नसेल, तर पाचव्या तपासणीतला नियम त्यांना लावू नका. स्फटिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांकडे ती यादी आणि तुमचा आलेख, दोन्ही घेऊन जा.